गाडी कर्जावर घ्यावी की साठवलेल्या पैशांतून? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेच्या वाहनकर्ज विभागात बरीच वर्षं काढली. टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते दोन्ही इथे आहे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलंय, म्हणजे आकडे डोक्यात राहतील: ऑन-रोड १० लाखांची पेट्रोल गाडी, वाहनकर्ज ९ टक्क्यांनी, एफडी ७ टक्क्यांनी. तुमच्या बँकेचे दर थोडे इकडेतिकडे असतील, पण हिशेबाची रीत तीच.

शोरूममधला माणूस म्हणतो, "आठ लाखांच्या कर्जावर पाच वर्षांत दोन लाखांपेक्षा कमी व्याज जाईल आणि तेच आठ लाख एफडीत ठेवले तर सव्वातीन लाखांवर व्याज मिळेल. मग कर्जच फायद्याचं नाही का?" हे खरं आहे का?

आकडे खरे आहेत, निष्कर्ष खोटा आहे. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्यांत इंजिनिअर आणि शिक्षकही असायचे. म्हणून जरा सावकाश पाहू.

आठ लाख, ९ टक्के, ५ वर्षं. हप्ता येतो १६,६०७ रुपये. साठ हप्त्यांत एकूण ९ लाख ९६ हजार जातात, म्हणजे व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. दुसरीकडे आठ लाखांची एफडी, ७ टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ. पाच वर्षांनी हातात ११ लाख ३२ हजार, म्हणजे व्याज ३ लाख ३२ हजार. इथपर्यंत त्या माणसाचं काहीच चुकलेलं नाही.

गोम अशी की ते कर्ज पाच वर्षं आठ लाखांचं राहतच नाही. पहिल्या हप्त्यातले ६,००० व्याजाचे आणि १०,६०७ मुद्दलाचे. दर महिन्याला मुद्दल उतरत जातं. पाच वर्षांची सरासरी काढली तर तुम्ही जेमतेम ४ लाख ३६ हजार रुपये वापरत असता आणि व्याज त्याच्यावर भरता. एफडी मात्र पाचही वर्षं पूर्ण आठ लाखांवर, शिवाय व्याजावर व्याज घेत वाढते. अर्ध्या रकमेवरचं व्याज पूर्ण रकमेवरच्या व्याजापेक्षा कमी दिसणारच.

मग ती उतरत गेलेली रक्कम फेडली कुणी? तुमच्या पगाराने. दर महिन्याचे १६,६०७ रुपये शोरूमच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत. जणू ते आकाशातून पडतात.

आता सरळ हिशेब करा. आठ लाख रोख देऊन टाका आणि जो हप्ता भरला असता तेवढीच रक्कम दर महिन्याला त्याच ७ टक्क्यांच्या आरडीत टाका. पाच वर्षांनी तिथे सुमारे ११ लाख ८८ हजार जमतात. कर्जवाल्याकडे ११ लाख ३२ हजारांची एफडी, रोखवाल्याकडे ११ लाख ८८ हजारांची आरडी, आणि दोघांच्याही दारात तीच गाडी. रोखवाला ५६ हजारांनी पुढे. एफडीच्या व्याजावर आयकर लागत असेल तर हे अंतर आणखी वाढतं, कारण वाहनकर्जाच्या व्याजावर पगारदाराला वजावट नाही.

थोडक्यात, रुपयांची तुलना करू नका, दरांची करा. ९ टक्क्यांनी उसने घेऊन ७ टक्क्यांनी ठेवायचे, हा धंदा तोट्याचाच.

पण खरं सांगायचं तर हप्ता नसेल तर ते पैसे खर्चच होतात. आरडी कोण करतं?

हा प्रामाणिक प्रश्न आहे आणि याच्यापुढे माझं गणित लंगडं पडतं. रोख देऊन गाडी घेतली आणि दर महिन्याचे साडेसोळा हजार हॉटेल, ऑनलाइन खरेदी आणि 'जरा बरा' मोबाइल यांत गेले, तर पाच वर्षांनी कर्जवाल्याकडे ११ लाख असतील आणि तुमच्याकडे काहीच नसेल. हप्त्याची शिस्त काही घरांना खरंच लागते.

उपाय शिस्त उसनी घेण्याचा आहे, कर्ज घेण्याचा नव्हे. गाडीची चावी हातात येईल त्याच आठवड्यात, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी आरडी सुरू करा. मागच्या तीन वर्षांत अशी एकही आरडी शेवटपर्यंत नेली नसेल, तर या प्रश्नाचं तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. ते स्वतःशीच कबूल केलेलं बरं.

म्हणजे सगळी रक्कम रोख भरून मोकळं व्हावं?

नाही. इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. माझा मावसभाऊ नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आहे, वहिनी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून हातात १ लाख ५ हजार येतात. घरखर्च, घराचा हप्ता आणि आईची औषधं धरून ६२ हजार जातात. एफडी आणि बचत खातं मिळून साठा साडेअकरा लाख. गाडी दहा लाखांची. तो म्हणाला, "दादा, कर्ज नकोच डोक्यावर. सगळे देऊन टाकतो, दीड लाख उरतील की."

दीड लाख म्हणजे त्या घराचा अडीच महिन्यांचाही खर्च नाही. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, आईला दवाखान्यात ठेवावं लागलं किंवा घराच्या गच्चीचं काम निघालं, की हा माणूस पर्सनल लोन काढणार. त्याचा दर वाहनकर्जाहून बराच चढा असतो. त्याहून वाईट म्हणजे क्रेडिट कार्डाचं बिल अर्धवट भरत राहणं. तिथे व्याज महिन्याला तीन ते साडेतीन टक्के पडतं. ९ टक्के वाचवायला जाऊन वर्षाला चाळीस टक्क्यांच्या खड्ड्यात पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

वाहनकर्ज हे मध्यमवर्गीयाला मिळणाऱ्या स्वस्त कर्जांपैकी एक आहे, कारण गाडी स्वतःच तारण असते. पण ते गाडी घेतानाच मिळतं. रोखीने गाडी घेतल्यावर सहा महिन्यांनी अडचण आली तर त्याच गाडीवर कर्ज मिळतं, पण दर आणि अटी सहसा पहिल्यासारख्या राहत नाहीत.

मग त्याने काय केलं?

आधी न शिवायचे पैसे बाजूला काढले. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३ लाख ७२ हजार. जूनमध्ये दोन मुलांची फी, ७० हजार. मिळून जवळपास साडेचार लाख. उरले सात लाख, ते गाडीत घातले. कमी पडले तीन लाख, तेवढंच कर्ज, तीन वर्षांसाठी. हप्ता ९,५४० रुपये आणि तीन वर्षांचं मिळून व्याज सुमारे ४३ हजार. शोरूमने पुढे केलेल्या आठ लाखांच्या कर्जावर हेच १ लाख ९६ हजार होतं. शोरूमचा हप्ता १६,६०७ होता. त्यातून वाचलेले सात हजार आरडीत जातात.

मी त्याला आणखी एक सुचवलं होतं: थांब. महिन्याला त्याच्याकडे ४३ हजार शिल्लक राहत होते. सात महिने थांबला असता तर तीन लाखांचं कर्जही लागलं नसतं. पण आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं होतं आणि प्रत्येक वेळी रिक्षा शोधणं वहिनीवर येत होतं. सात महिन्यांची ती सोय ४३ हजारांना महाग नाही असं दोघांनी ठरवलं. मला पटलं. फक्त 'दसऱ्यालाच डिलिव्हरी हवी' एवढंच कारण असतं, तर पटलं नसतं.

सहा महिन्यांचाच खर्च का? तीन महिन्यांचा चालणार नाही?

दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, घरात आजारपण नाही आणि कंपनीचा आरोग्यविमा असेल, तर चार महिन्यांवर भागेल. एकाच पगारावर घर चालत असेल, किंवा उत्पन्न दुकानाचं, कमिशनचं असेल, तर सहाही कमी. मात्र खर्च मोजताना गाडी आल्यानंतरचा मोजा. पेट्रोल, सर्व्हिसिंग, पार्किंग आणि विम्याचा महिन्याचा वाटा धरून छोट्या गाडीलाही महिन्याला सात-आठ हजार सहज लागतात. हे आकडे हप्त्याच्या कागदावर कुणी लिहून देत नाही.

एफडी मोडली तर दंड लागतो. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतला, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचलले तर?

एफडी मुदतीआधी मोडली तर बँक ठरलेला दर देत नाही. ती जितके दिवस प्रत्यक्ष राहिली त्या मुदतीचा दर धरते आणि त्यातून बहुतेक वेळा अर्धा ते एक टक्का कापते. हे नुकसान जुन्या एफडीवर जास्त होतं, कारण कापाकापी सुरुवातीपासूनच्या सगळ्या व्याजावर होते. म्हणून दोन-चार एफडी असतील तर शक्यतो सगळ्यात नवी मोडा. वय झालेलीला पिकू द्या.

एखादी एफडी दोन-तीन महिन्यांत पिकणार असेल तर ओव्हरड्राफ्ट उत्तम. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त व्याज लागतं, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतंच. शिवाय गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढत नाही. पण हाच ओव्हरड्राफ्ट पाच वर्षं रेंगाळत ठेवला तर तो नुसता एक-दोन टक्क्यांचा गळका नळ. हप्ता ठरलेला नसल्याने मुद्दल कमी होत नाही आणि एफडीही अडकून बसते. आणीबाणीसाठी राखलेली एफडी अशी गहाण टाकली, तर ती आणीबाणीसाठी राहिली नाही, हेही लक्षात ठेवा.

म्युच्युअल फंडात बारा टक्के मिळतात. ९ टक्क्यांनी कर्ज घेऊन पैसे तिथेच ठेवले तर?

बारा टक्के मिळू शकतात, मिळतातच असं नाही. हप्त्याचे ९ टक्के मात्र ठरलेले. शेअर बाजार पडेल त्या वर्षीही पाच तारखेला हप्ता जाणार. इक्विटी फंड वर्षभरानंतर विकले की सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के करही आहे. पंधरा वर्षांच्या ध्येयासाठी चाललेली एसआयपी गाडीसाठी मोडू नका, हे मान्य. पण बँकेत पडून असलेली एफडी न मोडता कर्ज काढायचं आणि वर 'मी पैसे गुंतवून ठेवलेत' म्हणायचं, हे स्वतःलाच फसवणं झालं. बहुतेक घरांत पैसा बाजारात नसतो, एफडीतच असतो.

सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता किती छान कमी होतो! घेऊ का?

आठ लाखांचा हप्ता १६,६०७ वरून १२,८७१ होतो, पण व्याज १ लाख ९६ हजारांवरून २ लाख ८१ हजारांवर जातं. हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट विम्यात आहे.

विम्याच्या कागदावर गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी ठरलेल्या कोष्टकाने उतरते. दोन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीवर ३० टक्के घसारा धरतात आणि तोही एक्स-शोरूम किमतीवर. रोड टॅक्स त्यात येत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स बसतो, तो धुऊन गेला असंच समजा. आपल्या दहा लाखांच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख ६० हजार धरली, तर दोन वर्षांनी आयडीव्ही साधारण ६ लाख २ हजार. सात वर्षांच्या कर्जात त्या वेळी बाकी असते ६ लाख २० हजार.

आता समजा, घाटात गाडी पूर्ण मोडली किंवा चोरीला गेली. विमा कंपनी आयडीव्हीएवढे, थोडी कपात करून, देणार आणि ते आधी बँकेकडे जाणार. गाडी गेली, सुरुवातीला भरलेले दोन लाख गेले, आणि वीसेक हजार खिशातून भरायचे! पाच वर्षांच्या कर्जात त्याच वेळी बाकी ५ लाख २२ हजार असते, म्हणजे निदान ऐंशीएक हजार परत हातात येतात. 'शंभर टक्के ऑन-रोड फायनान्स' घेतलेल्यांचं काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

माझा अंदाज साधा आहे: पाच वर्षांत फिटत नसेल तर गाडी मोठी झाली, मुदत लहान नव्हे.

"फक्त पाच टक्के व्याज" अशी पाटी पाहिली. खरं असतं का?

विचारा, 'फ्लॅट की रिड्युसिंग?' फ्लॅट दरात मुद्दल उतरलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच लावतात. आठ लाखांवर पाच टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला ४० हजार, पाच वर्षांचे दोन लाख. हप्ता १६,६६७. वरच्या ९ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा साठ रुपयांनी जास्तच! म्हणजे हा 'पाच टक्के' प्रत्यक्षात नवाच्या थोडा वर बसतो. जुन्या गाड्यांच्या फायनान्समध्ये ही भाषा अजून सर्रास चालते.

यावर एक चांगला उतारा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. त्यात एपीआर नावाचा एकच आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी आणि कर्जापोटी घेतलेले इतर आकार धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांनी पडतं, ते तो सांगतो. दोन बँकांचे एपीआर शेजारी ठेवा, बाकी जाहिराती बाजूला. सही करण्याआधी मागा, सहीनंतर नव्हे.

त्याच कागदावर कर्जाची रक्कमही नीट वाचा. तुम्ही तीन लाख मागितले आणि तिथे ३ लाख १४ हजार दिसले, तर मधले १४ हजार बहुतेक 'कर्ज सुरक्षा विम्या'च्या एकरकमी हप्त्याचे असतात. ते तुम्हाला न विचारता कर्जात मिसळलेले असतात आणि त्यांच्यावरही व्याज चालू होतं. तो विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही असं सांगतील. लेखी द्या म्हटलं की सहसा आवाज खाली येतो.

रोखीने घेतली तर शोरूम जास्त सूट देतं का?

उलटंच असू शकतं. शोरूममधून कर्ज झालं की त्यांना बँकेकडून कमिशन मिळतं आणि विमा तिथूनच काढला तर त्याचंही. रोखीचं गिऱ्हाईक त्यांच्या दृष्टीने थोडं कमी गोड. म्हणून गाडीची किंमत, सूट आणि ॲक्सेसरीज यांवर आधी शब्द घ्या आणि पैसे कसे देणार ते शेवटी सांगा. 'शून्य टक्के व्याज' म्हणाले तर तीच गाडी पूर्ण रक्कम भरून कितीला देता ते विचारा. व्याज कुठे लपलंय ते फरकात दिसेल.

'रोख' म्हणजे नोटांची थप्पी मात्र नव्हे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होतो, त्यामुळे पैसे चेकने किंवा आरटीजीएसने जातील. गाडी दहा लाखांवर गेली तर शोरूम एक टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ जमा होणारा आयकरही घेतं. रिटर्न भरताना तो वळता करून घ्यायला विसरू नका.

इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावर कर-सवलत आहे ना?

होती. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना. आज घेतलेल्या कर्जाला नाही.

बोनस आला की कर्ज लवकर फेडता येईल का?

कर्ज घेतानाच पाहा. दर बदलता असेल, तर स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या कर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा आकार लावू शकत नाही. पण बरीच वाहनकर्जं स्थिर दराची असतात, आणि तिथे बाकी रकमेवर काही टक्के आकार आणि 'पहिले इतके महिने फेडता येणार नाही' अशी अटही असू शकते. थोडे थोडे भरता येतात की एकदमच, हेही विचारा. फेडायचं असेल तर सुरुवातीच्या वर्षांत फेडा. शेवटच्या वर्षी हप्त्यात व्याज उरलेलंच नसतं, तेव्हा आकार भरून फेडण्यात काही मिळत नाही.

कर्ज फिटलं. आता काही करायचं राहतं?

राहतं, आणि निम्मे लोक विसरतात. शेवटचा हप्ता गेला म्हणून आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरला असं धरून चालू नका. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करून आरटीओकडून बोजा काढून घ्या, मग विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरचंही बँकेचं नाव काढा. एनओसीला मुदत असते, तेव्हा ती कपाटात ठेवून देऊ नका. पाच वर्षांनी गाडी विकायला काढल्यावर, गिऱ्हाईक दारात उभं असताना, बंद झालेल्या शाखेचा पत्ता शोधत फिरणारे लोक माझ्या टेबलापाशी दर महिन्याला यायचे.